प्रमोटर बंद केला तरी रिपोर्टर उतरतच नाही? काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

परळच्या आमच्या लॅबमध्ये दर नवीन बॅचबरोबर हा प्रॉब्लेम परत येतो, आणि येतो तेव्हा वाक्यही तेच असतं, "ताई, क्यूपीसीआरमध्ये जीन चार पट खाली गेलाय पण जीएफपी हलायलाच तयार नाही." मग त्या ग्राफकडे बघून कोणी म्हणतं ट्रान्सफेक्शन खराब, कोणी म्हणतं कंपाउंड जुनं झालं, आणि दोन आठवडे नवीन प्लाझ्मिड प्रेप करण्यात जातात. बहुतेक वेळा प्लाझ्मिडचा काही संबंध नसतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, फुकटात होणारं आधी आणि महाग शेवटी.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरते. एचईके२९३ पेशी, प्लाझ्मिडवर एनएफ-कप्पा-बी हे जीन चालू करणारं प्रोटीन ज्याला बांधतं तो प्रमोटर, त्याच्यापुढे जीएफपी किंवा लुसिफरेज, म्हणजे चमकून प्रमोटरचं काम दाखवणारा रिपोर्टर. टीएनएफ देऊन प्रमोटर चालू केलाय, सिग्नल स्थिर झालाय, आणि आता तुमचं कंपाउंड टाकून ६ तासांनी बघताय की प्रमोटर बंद होतो का. पेशींचा स्वतःचा आयएल-८ जीन क्यूपीसीआरमध्ये चौथ्या हिश्श्यावर आलाय.

लक्षणं कशी दिसतात

पहिलं, जीएफपी ६ तासांत जेमतेम चारपाच टक्के उतरतो आणि एरर बार त्याहून मोठा असतो. दुसरं, फायरफ्लाय लुसिफरेजचं कच्चं रीडिंग धडाधड पडतं पण तुलनेसाठी सोबत टाकलेल्या रेनिला लुसिफरेजच्या रीडिंगने भागलं की ग्राफ सपाट. तिसरं आणि सगळ्यात गोंधळात टाकणारं, कंपाउंडने बंद व्हायला हवं तिथे लुसिफरेज उलट वर जातं. चौथं, त्याच प्लेटमध्ये डावीकडच्या वेल्स एक सांगतात आणि उजवीकडच्या दुसरंच. तुमचं यातलं कुठलं आहे ते आधी ठरवा, कारण पुढच्या पायऱ्या त्यावर अवलंबून आहेत.

१. कच्चे आकडे उघडा (खर्च शून्य)

नॉर्मलाइज केलेला ग्राफ बाजूला ठेवा आणि मशीनने दिलेली मूळ शीट उघडा. बघायचं काय, तर रिकाम्या पेशींचं, म्हणजे रिपोर्टर नसलेल्या पण त्याच मीडियातल्या, तेच कंपाउंड दिलेल्या पेशींचं रीडिंग किती आहे. असली वेल प्लेटवर नसेलच तर पुढे वाचू नका, आधी ती लावा, बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

जीएफपीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं कारण पेशी स्वतःच हिरव्या भागात थोड्या चमकतात, मीडियातलं रायबोफ्लेविन चमकतं, सीरमही भर घालतं. समजा रीडिंग ३००० आहे आणि रिकाम्या पेशी २००० देतायत, तर तुमचा जीएफपी फक्त १००० चा. तो निम्मा झाला तरी मशीनवर ३००० चे २५०० दिसणार, आणि तुम्ही म्हणणार सतराच टक्के उतरला. वाचायच्या आधी मीडिया काढून पीबीएस टाकलं की बॅकग्राउंड बरंच खाली येतं, एवढी साधी गोष्ट पण निम्मे लोक करत नाहीत.

आणि कंपाउंड स्वतः चमकतं का ते बघा. आपल्याकडे वनस्पतींचे अर्क तपासणारे पुष्कळ, आणि हळदीतलं कर्क्युमिन हिरवं चमकतं, त्यामुळे कर्क्युमिनने एनएफ-कप्पा-बी बंद होतो का हे जीएफपीने बघायला जाणं म्हणजे स्वतःहून त्रास ओढवून घेणं. रिकाम्या पेशी अधिक कंपाउंड, ही वेल लगेच सांगते. लुसिफरेजमध्ये हा त्रास जवळपास नाही कारण बाहेरून प्रकाश टाकावाच लागत नाही, बॅकग्राउंड अगदी कमी असतं.

२. अर्धायुष्याचं गणित करा (खर्च शून्य, आणि निम्म्या केसेस इथेच सुटतात)

रिपोर्टर प्रमोटरचा वेग दाखवत नाही, आत्तापर्यंत साठलेलं प्रोटीन दाखवतो. बीएमसीचं पाणी सकाळी बंद झालं तरी सोसायटीच्या टाकीतून नळाला पाणी दुपारपर्यंत येतच राहतं, तसंच हे. टाकी किती वेळात रिकामी होते ते त्या प्रोटीनच्या अर्धायुष्यावर.

साधा ईजीएफपी पेशीत फार टिकाऊ असतो, अर्धायुष्य साधारण २६ तास धरतात. फायरफ्लाय लुसिफरेजचं साधारण ३ तास. आता प्रमोटर एका क्षणात चौथ्या हिश्श्यावर आला असं समजा आणि ६ तासांनी किती उरलं ते एक्सेलमध्ये टाका:

```
=0.25+0.75*2^(-6/26)
=0.25+0.75*2^(-6/3)
```

पहिल्याचं उत्तर ०.८९, दुसऱ्याचं ०.४४. म्हणजे प्रमोटर पंचाहत्तर टक्के बंद झाला, सगळं बरोबर चाललं, तरी जीएफपी फक्त ११ टक्के उतरणार, आणि त्यात वरचं २००० चं बॅकग्राउंड मिसळा की ३००० चे २८९० होतात, चार टक्क्यांहून कमी. पहिल्या लक्षणातला आकडा आला की नाही बरोबर? काहीच बिघडलेलं नव्हतं, चुकीच्या घड्याळाने वेळ मोजत होतो. प्रत्यक्षात तर याहून हळू उतरतं कारण प्रमोटर बंद झाल्यावर आधीचा एमआरएनए संपायलाही वेळ लागतो आणि तोपर्यंत नवीन प्रोटीन बनत राहतं.

हे कोणाच्या लक्षात का येत नाही, तर बहुतेक लोक चालू होणारा प्रमोटर बघतात आणि तिथे वाढ दिसते म्हणून समाधान मानतात. तिथेही तीच गडबड आहे, प्रमोटर चार पट वर गेला तर ६ तासांनी लुसिफरेज सव्वातीन पट दाखवेल आणि जीएफपी जेमतेम १.४ पट, पण "वाढलं ना" म्हणून कोणी विचारत नाही.

अजून एक, तुम्ही मोजताय कशावर तेही बघा. फ्लो सायटोमीटर दर पेशीमागे सांगतो, आणि पेशी विभागली की जीएफपी दोघींत वाटला जातो, त्यामुळे तिथे तो लवकर उतरल्यासारखा वाटतो. प्लेट रीडर पूर्ण वेलचं एकत्र सांगतो, तिथे वाटणीने काही कमी होत नाही. एकाच प्रयोगाचे दोन मशीनवर दोन निकाल आले म्हणून भांडणं झालेली पाहिलीत मी, आणि दोघंही बरोबर होते.

गणिताने उत्तर जुळलं तर इथेच थांबा. वेळ वाढवून बघा, २४ तास आणि ४८ तास, किंवा पायरी ६ वर जा.

३. रेनिलाकडे संशयाने बघा (दोन-चार जास्तीच्या वेल्स)

हे दुसऱ्या लक्षणासाठी. ड्युअल असेमध्ये फायरफ्लाय तुमच्या प्रमोटरवर असतं आणि रेनिला एका दुसऱ्या, "कायम चालू" म्हणवणाऱ्या प्रमोटरवर, आणि दोघांचा भागाकार करतो म्हणजे ट्रान्सफेक्शन कमीजास्त झालेलं निघून जावं. पण कायम चालू हे नुसतं म्हणायला. टीके असो की सीएमव्ही, ट्रीटमेंटने तेही हलू शकतात, आणि सीएमव्ही प्रमोटरमध्ये तर एनएफ-कप्पा-बीच्या जागा स्वतःच आहेत. म्हणजे आपल्या उदाहरणात टीएनएफ दिलं की फायरफ्लायही चढणार आणि सीएमव्हीवरचा रेनिलाही, कंपाउंडने दोन्ही उतरणार, आणि भागाकार जागच्या जागी.

आकड्यांत बघा. फायरफ्लाय ८०,००० वरून २०,००० वर आलं, रेनिला १०,००० वरून २,५०० वर. भागाकार आधीही ८, नंतरही ८. ग्राफ सपाट, आणि विद्यार्थी लिहितो "परिणाम नाही", जेव्हा प्रत्यक्षात दोन्ही चौथ्या हिश्श्यावर आलेत.

आता रेनिला का पडला याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्हींचा अर्थ एकदम वेगळा. एक तर वर सांगितलं तसं, त्याचा प्रमोटरच तुमच्या ट्रीटमेंटला उत्तर देतोय. किंवा कंपाउंड पेशीच मारतंय, नाहीतर सगळं प्रोटीन बनणंच थांबवतंय, आणि मग फायरफ्लायचं पडणं म्हणजे प्रमोटरचा काही निकाल नाही. वेगळं कसं करायचं? त्याच लायसेटमध्ये एकूण प्रोटीन मोजा, बीसीए किंवा ब्रॅडफर्ड जे घरात असेल ते, आणि शेजारच्या प्लेटवर पेशी जगल्यात का ते बघा. शिवाय एक वेल अशी ठेवा जिच्यात फायरफ्लायचा प्रमोटर नसलेला व्हेक्टर आहे आणि एक जिच्यात एनएफ-कप्पा-बीच्या जागा बिघडवलेला प्रमोटर. तीही तितकीच पडत असेल तर तुमचा परिणाम एनएफ-कप्पा-बीचा नाही, मग कितीही सुंदर दिसो.

प्रत्येक वेळी फायरफ्लाय, रेनिला आणि भागाकार असे तीन ग्राफ शेजारी शेजारी काढा. आमच्याकडे नुसता भागाकार घेऊन मीटिंगला आलेलं कोणी आता चालवून घेत नाही.

४. तापमान आणि वाचायची पद्धत (अर्धा तास)

चौथं लक्षण, डावंउजवं वेगळं, हे जवळपास नेहमी इथलंच. लुसिफरेज हे एन्झाइम आहे, त्याचा प्रकाश तापमानावर नाचतो. रीएजंट फ्रीजमधून काढून थंडच टाकला तर प्लेट वाचता वाचता गरम होत जाते आणि शेवटच्या ओळी पहिल्या ओळींपेक्षा वेगळ्या येतात. रीएजंट, प्लेट, मशीन तिन्ही एका तापमानाला येऊ द्या, २२ ते २५ अंशांच्या आसपास. मे महिन्यात रात्री एसी बंद करून सकाळी नऊला चालू केलेल्या खोलीत साडेनऊला प्लेट वाचू नका, भिंती अजून तापलेल्या असतात. खोली खरोखर किती आहे ते साध्या थर्मामीटरने बघा, एसीच्या रिमोटवरच्या आकड्यावर जाऊ नका.

पेशी जिवंत ठेवून मीडियात लुसिफेरिन टाकून वाचत असाल तर अजून दोन गोष्टी. लुसिफेरिन सगळ्या वेल्सना एकाच वेळी मिळायला हवं आणि वाचायची वेळही ठरलेली हवी, कारण आधी सिग्नल चढतो मग लुसिफेरिन संपेल तसा उतरतो, आणि तो उतार लोक प्रमोटरचा समजतात. आणि ३७ अंशांना फायरफ्लायचा प्रकाश पिवळ्या-हिरव्यावरून लालकडे सरकतो, त्यामुळे मशीनमध्ये फिल्टर लावला असेल तर काढा, नाहीतर बराच प्रकाश फिल्टरच अडवतो.

पांढरी प्लेट वापरा. पारदर्शक प्लेटमध्ये शेजारच्या वेलचा प्रकाश घुसतो आणि कंट्रोल वेल उगाच चढते.

५. कंपाउंड थेट लुसिफरेजलाच धरतंय का (दहाएक वेल्स, अर्धा तास)

तिसरं लक्षण असेल, म्हणजे बंद व्हायला हवं तिथे वर जातंय, तर बाकी सगळं सोडून हे आधी करा. आणि लक्षण नसेल तरी नवीन कंपाउंडवर एकदा कराच.

कंपाउंड न दिलेल्या, रिपोर्टर भरपूर असलेल्या पेशींचं लायसेट घ्या. दोन भाग करा. एकात कंपाउंड टाका, जितकं पेशींना दिलं होतं तितकंच, दुसऱ्यात फक्त डीएमएसओ. लगेच वाचा. लायसेटमध्ये प्रमोटर नाही, काही नवीन बनत नाही, त्यामुळे इथे फरक दिसला तर तो सरळ एन्झाइमवरचा परिणाम. बस्स एवढंच, आणि हे न केल्यामुळे किती पेपर अडचणीत आलेत विचारू नका.

वर जाण्याचं कारण मात्र उलटं वाटेल असं आहे. एखादं रसायन लुसिफरेजच्या खोबणीत जाऊन बसतं, म्हणजे ते त्याचं इन्हिबिटर आहे, पण बसल्यामुळे प्रोटीनची घडी पक्की होते आणि पेशी ते लवकर मोडून टाकू शकत नाही. अर्धायुष्य वाढतं, साठा वाढतो. नंतर असेच्या वेळी रीएजंटमध्ये लुसिफेरिन भरपूर असतं, ते रसायन बाजूला सारतं, आणि साठलेलं सगळं एन्झाइम उजळतं. तुम्हाला वाटतं प्रमोटर चालू झाला. पीटीसी१२४ नावाच्या औषधाची गोष्ट या धंद्यात सगळ्यांना माहीत असायला हवी: ते फायरफ्लाय लुसिफरेजच्या असेवरून निवडलं गेलं, आणि २००९ मध्ये दाखवलं गेलं की ते त्या लुसिफरेजलाच चिकटून त्याला टिकाऊ करतं, आणि रेनिलावर तोच प्रयोग केला की परिणाम गायब. म्हणून लायसेटच्या चाचणीत रीडिंग पडलं तर कंपाउंड फेकू नका, रिपोर्टर बदला. रेनिला किंवा जीएफपीवर तोच प्रमोटर लावून बघा, दोन वेगळ्या रिपोर्टरवर एकच उत्तर आलं तर ते खरं.

रेसव्हेराट्रॉलही फायरफ्लायला थेट अडवतं, तेव्हा द्राक्षांच्या सालीवर काम करणाऱ्यांनी सावध.

६. रिपोर्टरचा स्वतःचा एमआरएनए मोजा (एक दिवस, प्रायमरचे पैसे)

इथपर्यंत सगळं स्वच्छ असेल तर आता खर्चाकडे वळू. आरएनए तुमच्याकडे आहेच, आयएल-८ त्यातच मोजला होतात. त्याच नमुन्यात जीएफपीचा किंवा लुसिफरेजचा एमआरएनए मोजा. एक गोष्ट विसरू नका, ट्रान्सफेक्ट केलेल्या पेशींच्या आरएनएमध्ये प्लाझ्मिडचा डीएनए ढिगाने येतो आणि प्रायमर त्यालाही धरतात, म्हणून डीएनेज नीट करा आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न टाकलेली नळी लावा. ती नळीही तितकाच सिग्नल देत असेल तर तुम्ही प्लाझ्मिड मोजताय.

एमआरएनए पडला आणि प्रोटीन नाही पडलं, तर पायरी २ चंच प्रकरण आहे. उपाय म्हणजे लवकर मोडणारा रिपोर्टर. उंदराच्या ऑर्निथीन डीकार्बोक्सिलेजची शेपटी, पेस्ट म्हणतात ती, जोडलेला जीएफपी मिळतो, त्याचं अर्धायुष्य साधारण २ तास. लुसिफरेजचंही तसं रूप मिळतं. पण फुकट काही मिळत नाही, साठाच कमी होतो म्हणून सिग्नलही कमी होतो. २६ तासांचं २ तास केलं तर ढोबळमानाने १३ पट, म्हणजे आपला तो १००० चा जीएफपी ७७ वर, आणि बॅकग्राउंड तेच २०००. प्रमोटर कमजोर असेल तर हे दिसणारच नाही. म्हणून माझा स्वतःचा कल असा: कमजोर प्रमोटर आणि वेळ महत्त्वाची, तर लवकर मोडणारं लुसिफरेज. प्रत्येक पेशी वेगळी बघायची आहे, कुठल्या पेशी चालू झाल्या आणि कुठल्या नाही, तर जीएफपी, आणि वेळेच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका.

एमआरएनएही नाही पडला, पण आयएल-८ पडलाय? मग बहुधा रिपोर्टर खरं बोलतोय. क्यूपीसीआर पेशीतला एमआरएनए किती आहे ते सांगतो, तो कमी बनतोय की लवकर मोडतोय हे नाही सांगत. आयएल-८ च्या एमआरएनएच्या शेपटीत ए आणि यू ने भरलेला भाग आहे ज्याच्यामुळे तो मुळातच लवकर मोडतो आणि पी३८ चा सिग्नल असला की टिकतो. तुमचं कंपाउंड पी३८ अडवत असेल तर आयएल-८ खाली जाईल आणि प्रमोटरला धक्काही लागणार नाही, आणि रिपोर्टरला ती शेपटी नाही म्हणून तो शांत. हे कळलं तर तो बिघाड नाही, निकाल आहे. दुसरी शक्यता, तुम्ही घेतलेल्या तुकड्यात हवी ती जागाच नाही, ती अजून वरच्या भागात राहिलीय.

७. प्लाझ्मिड आणि पेशी

सीक्वेन्सिंग करून घ्या, प्रमोटर उलटा लागलाय का, जोडावर काही गळलंय का. आणि मायकोप्लाझ्मा पीसीआर. मायकोप्लाझ्मा असेल तर पेशी एनएफ-कप्पा-बीच्या बाबतीत आधीच भडकलेल्या असू शकतात, टीएनएफ न देताच प्रमोटर अर्धा चालू, मग चार पटीचा फरक येणार कुठून.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

मायकोप्लाझ्मा निघाला तर औषध घालून पेशी वाचवत बसू नका. ऑटोक्लेव्ह करून फेका, इनक्युबेटर साफ करा, शेजारच्या लोकांना सांगा, आणि पुण्याच्या एनसीसीएसच्या सेल रिपॉझिटरीतून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून नवीन मागवा.

ल्युमिनोमीटरचा इंजेक्टर अडकला तर डिस्टिल्ड पाणी आणि ७० टक्के इथेनॉलने धुणं तुम्ही करू शकता, मॅन्युअलमध्ये असतं. पण रिकामी प्लेट वाचली आणि तरी आकडे उंच येतायत, किंवा तीच वेल लागोपाठ वाचली तर दर वेळी वेगळीच उत्तरं, तर झाकण उघडू नका. आतला डिटेक्टर एक फोटॉन पकडायला बनलेला असतो, चालू असताना खोलीचा प्रकाश पडला तर तो कायमचा जाऊ शकतो. सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा आणि त्याला रिकाम्या प्लेटची शीट दाखवा, "मशीन बिघडलंय" एवढंच फोनवर सांगून तो नुसता केबल बघून जातो.

आणि सहावी पायरी दोन वेगळ्या वेळी केलेल्या आरएनएवर तेच सांगत असेल, रिपोर्टर हलत नाही आणि आयएल-८ हलतोय, तर अजून ट्रान्सफेक्शन करत राहू नका. एमआरएनए किती वेळात मोडतो ते अ‍ॅक्टिनोमायसिन डी देऊन बघावं लागेल, नाहीतर क्रोमॅटिनवर काम करणाऱ्या कोणाकडे जाऊन खऱ्या जागेवर एनएफ-कप्पा-बी बसतोय का ते क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे चिप, करून बघावं लागेल. अ‍ॅक्टिनोमायसिन विषारी आहे, ते कसं हाताळायचं आणि कचरा कुठे टाकायचा हे आधी ज्याने केलंय त्याच्याबरोबर उभं राहून शिका.